भोगीच्या आठवड्याची यादी

गुरुवारी सकाळी दव उतरायच्या आत शेतात एक फेरी होते. हातात वही, कानाला पेन. मेथीचा एक वाफा उपटायला आलाय, दुसरा अजून आठ दिवसांनी. गाजराच्या ओळीत बोटानं माती उकरून दोन-तीन गाजरं बाहेर काढून बघायची आणि जाडी पुरेशी नसेल तर ती ओळ तशीच सोडायची. पावट्याच्या वेलावरच्या शेंगा हातानं दाबून बघायच्या. वहीत आकडे पडतात: मेथी 70 गड्ड्या, गाजर 25 किलो, वांगी 18, पावटा 12. शहरातला ग्राहक शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर बोटानं सरकवत बघतो ती रंगीत चित्रं याच वहीतून तयार होतात.

सेंद्रिय भाजी पिकवणारे अनेक शेतकरी आता दर आठवड्याला अशी चित्रमाला इन्स्टाग्रामवर टाकतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. एकामागे एक सरकणारी ही चित्रं म्हणजे कॅरोसेल. या आठवड्यात काय मिळेल, भाव काय, माल कुठे पोहोचेल आणि मागवायचा कसा, एवढं त्यात सांगायचं असतं. महाराष्ट्रात या विक्रीला मोकळी वाट मिळाली ती 2016 साली, राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळला तेव्हा. त्यानंतर फोन आणि टेम्पो एवढ्यावर थेट विक्री सुरू करता येऊ लागली. पण चार-सहा चित्रांत शेताची खरी स्थिती मांडणं सोपं नाही. ती मांडणी नीट असली तर माल विकला जातो, आणि कच्ची राहिली तर सोमवारी दिवसभर फोन वाजत राहतो.

उदाहरणासाठी पुरंदर तालुक्यातलं दोन एकरांचं शेत धरू. शेतात राबणारे नवरा-बायको, बाजारपेठ दिवे घाटाखालचं पुणे आणि आठवडा भोगीचा. खाली दिलेले भाव आणि खर्च हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक गावात, प्रत्येक हंगामात ते बदलतील, हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. त्या दिवशी घरोघर बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी होते. पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं, घेवडा, शेंगा, कुठे बोरं आणि उसाचे करवे, असं शेतात त्या वेळी असेल ते सगळं या भाजीत पडतं. वर्षातल्या इतर आठवड्यांत ग्राहक यादी बघून ठरवतो. या आठवड्यात त्याचं आधीच ठरलेलं असतं आणि तो फक्त विचारतो, ‘भोगीची भाजी आहे का?’

हा प्रश्न जानेवारीत येतो, पण त्याचं उत्तर शेतकऱ्यानं गणपती-दसऱ्याच्या सुमारास जमिनीत घातलेलं असतं. गाजराला पेरणीपासून साधारण तीन महिने लागतात, म्हणजे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडायला हवं. वांग्याची रोपं त्याआधी लागलेली असतात. पावटाही पावसाळ्याच्या उतारावर टोकलेला असतो. हरभरा पेरून अडीच-पावणेतीन महिने झाले की घाटे भरतात. मेथी मात्र महिन्याभरात येते, म्हणून तिचे वाफे आठ-दहा दिवसांच्या अंतरानं टाकत जावे लागतात. सगळी मेथी एकदम पेरली, तर एका आठवड्यात 200 गड्ड्या निघतील आणि पुढचे तीन आठवडे यादीत मेथी नसेल. यादी दर शुक्रवारी सारखी भरलेली दिसावी, यासाठीची कसरत वाफ्यांवर होते, मोबाइलवर नाही.

म्हणूनच यादीच्या पहिल्या चित्रावर भाज्यांच्या नावांसमोर तीन शब्दांपैकी एक लिहिलेला असणं फार उपयोगाचं ठरतं: ‘भरपूर’, ‘थोडं’ किंवा ‘पुढच्या आठवड्यात’. मेथीसमोर ‘भरपूर’ असेल तर ग्राहक दोन गड्ड्या जास्त घेतो. पावट्यासमोर ‘थोडं’ असेल तर तो लवकर मागणी नोंदवतो. ‘पुढच्या आठवड्यात’ असं वाचल्यावर तो तेवढ्यासाठी बाजारात जात नाही, थांबतो. वाफ्यात 70 गड्ड्या दिसत असतील तर यादीत 60 च धराव्यात. उपटताना काही काड्या पिवळ्या निघतात, काही गड्ड्या बारीक भरतात आणि शेवटी घरच्या भाजीलाही एखादी लागते.

आता भाव. मेथीची एक गड्डी घेऊ. बी, शेणखत, जीवामृत, पाणी आणि खुरपणी मिळून गड्डीमागे 9 रुपये पडले असं धरू. उपटणं, मुळांची माती धुणं, निवडून बांधणं याचे 4 रुपये आणि कागदाचा 1. झाले 14. पण बांधलेल्या 100 गड्ड्यांपैकी 80 विकल्या जातात, बाकीच्या कुठे सुकतात, कुठे उरतात. त्या 20 गड्ड्यांचा खर्चही विकलेल्या 80 नीच उचलायचा असतो. 1,400 रुपये भागिले 80, म्हणजे साडेसतरा. आता टेम्पो. सासवडहून घाट उतरून चार-पाच वस्त्यांत फिरायचं गाडीभाडं 1,800 रुपये धरलं आणि त्या दिवशी 30 घरं असली, तर घरटी 60 रुपये पडतात. एका घरात सरासरी आठ वस्तू गेल्या, तर वस्तूमागे साडेसात. साडेसतरा आणि साडेसात मिळून 25. शेतकऱ्यानं गड्डीचा भाव 30 लावला, तर त्याच्या हातात 5 रुपये उरतात.

जानेवारीत कोपऱ्यावरच्या गाडीवर मेथी याच्या निम्म्या भावात मिळू शकते, कारण तेव्हा सगळीकडेच मेथीचं पीक असतं. हा फरक ग्राहकाला बोचतो आणि त्याचं बोचणं खोटं नाही. पण त्याच यादीतला टोमॅटो बघा. 2023 च्या जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात शंभरीच्या वर गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांना तोडणीची मजुरीही सुटेना. थेट विकणारा शेतकरी हंगामभर एकच भाव धरतो, समजा 60 रुपये किलो. बाजार 20 वर असताना तो महाग दिसतो, 120 वर असताना स्वस्त. बाजार वर गेला म्हणून यादीत भाव चढवायचा नाही, ही शिस्त ज्यांना जमते त्यांचे ग्राहक टिकतात. ज्या शेतकऱ्याचा भाव बाजार चढला की चढतो आणि उतरला तरी उतरत नाही, त्याची यादी लोक दोन-तीन महिन्यांत बघायची सोडतात, आणि ते योग्यच आहे.

भावाच्या चित्रावर आणखी एक गोष्ट स्पष्ट हवी: माप. ‘मेथी 30 रुपये’ यातून काहीच कळत नाही. मुळांसकट की मुळं तोडून? मुळांसकट मेथी जास्त वेळ टवटवीत राहते, पण वजनात मातीही येते. ‘एक गड्डी, मुळांसकट, निवडण्याआधी अंदाजे 250 ग्रॅम’ असं लिहिलं की भांडणाचं मूळच संपतं. पावटा शेंगांसकट की सोललेला, हरभरा डहाळ्यासकट की सोलाणे, हेही तसंच. शेंगांचा भाव सोललेल्या दाण्यांच्या भावाशी ताडून बघणारे ग्राहक पुष्कळ असतात, आणि चित्रावर लिहिलेलं नसेल तर चूक त्यांची धरता येत नाही. भाव घरपोच धरून आहे की पोहोचवण्याचे पैसे वेगळे, हेही त्याच चित्रावर हवं. शेवटच्या चित्रावर बारीक अक्षरात दिलेले 40 रुपये वाचून चिडलेला माणूस परत येत नाही.

पोहोचवण्याचा प्रश्न वरच्याच हिशेबातून सुटतो. घरं 30 ऐवजी 12 च असतील, तर घरटी गाडीभाडं 60 चं 150 होतं आणि अख्खी फेरी तोट्यात जाते. म्हणून ‘पुण्यात घरपोच’ असं लिहिणं धोक्याचं असतं. ‘हडपसर 411028, वानवडी 411040’ असं पिनकोडसकट लिहिलं की कोथरूडहून येणारे फोन आपोआप थांबतात. कोथरूडला विरोध काहीच नाही. पण सासवडहून हडपसरला माल सकाळी उतरतो, आणि तोच टेम्पो पुढे शहर ओलांडून कोथरूडला जाईपर्यंत पालक मान टाकतो. कोथरूडमधल्याच एखाद्या सोसायटीतून दहा-बारा घरांची एकत्र मागणी आली आणि सगळा माल एका गेटवर उतरवायचा ठरला, तर मात्र तिकडे जाणं परवडतं. काही शेतकरी ही अट चित्रावरच छापतात: एका सोसायटीतून किमान दहा घरं, माल गेटवर. माल घ्यायला कुणीतरी खाली येणार हे ठरल्यामुळे टेम्पोवाल्याची लिफ्टपुढची ताटकळही वाचते.

पुरंदरच्या शेतकऱ्याला वर्षातून एक दिवस रस्ताच नसतो. आषाढी वारीत ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला येते, तेव्हा घाटातली वाहतूक वळवलेली असते. त्या आठवड्याच्या यादीत पोहोचवण्याचा वार बदललेला हवा. आणि तो बदल पहिल्याच चित्रावर हवा, कारण पाचव्या चित्रापर्यंत सगळेच सरकवत जात नाहीत.

मागवायची पद्धत जितकी कमी पायऱ्यांची, तितकी बरी. शुक्रवारी संध्याकाळी यादी, शनिवारी रात्री आठला नोंदणी बंद, रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी पहाटे काढणी, सोमवारी माल. ही चार वाक्यं शेवटच्या चित्रावर पुरतात. त्यांच्या शेजारी एक नमुना संदेश दिला, की येणाऱ्या मागण्याही त्याच साच्यात येतात: ‘नाव, सोसायटी, पिनकोड, मेथी 2, गाजर 1 किलो, भोगीचा वाटा 1’. साचा नसेल तर ‘काकू, नेहमीचंच द्या’ असे निरोप येतात आणि नेहमीचं म्हणजे काय ते शोधायला मागची चार पानं चाळावी लागतात.

फोन नंबर चित्रावर असतोच, पण चित्रावरचा नंबर बोटानं दाबून लागत नाही. म्हणून तो चित्राखालच्या मजकुरातही टाइप करावा लागतो. इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिंक दिली तर ती उघडत नाही, ती प्रोफाइलवर ठेवावी लागते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीची अडचण वेगळीच आहे. ज्यानं शेतकऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्याला तो निरोप पोहोचतच नाही. ‘तुमची यादीच येत नाही हल्ली’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. नव्या ग्राहकाला पहिल्याच दिवशी ‘नंबर सेव्ह करा’ असं सांगणं हा उपाय.

आणखी एक फार नेहमीची गडबड आहे. चित्रमालेतलं एखादंच चित्र कुणीतरी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं. तीन आठवड्यांनी ते फिरत फिरत नव्या माणसाकडे येतं आणि तो मागणी पाठवतो, जुन्या भावानं, संपलेल्या भाजीची. म्हणून प्रत्येक चित्रावर, अगदी प्रत्येकावर, कोपऱ्यात आठवड्याची तारीख हवी. चार-सहा चित्रं पुरेशी असतात. इन्स्टाग्रामनं 2024 मध्ये एका पोस्टमधल्या चित्रांची मर्यादा दहावरून वीसवर नेली, पण वीस चित्रांतून भेंडीचा भाव शोधायला कुणाला वेळ नसतो.

पुन्हा भोगीकडे येऊ. त्या आठवड्यात सुट्या भाज्यांपेक्षा तयार वाटा जास्त खपतो, चार माणसांच्या एका वेळच्या भाजीचा. पावट्याच्या शेंगा पाव किलो 25 रुपये, घेवडा पाव किलो 25, गाजर पाव किलो 15, वांगी पाव किलो 15, हरभऱ्याचा डहाळा एक जुडी 20, भाकरीला लावायला घरचे तीळ 50 ग्रॅम 15, मूठभर बोरं आणि उसाचं एक पेर मिळून 15, बांधणीचे 5. बेरीज 135. यातली बोरं आणि ऊस या शेतातले नसतात, शेजारच्या बांधावरून आणलेले असतात. तसं चित्रावर लिहिलं पाहिजे: ‘बोरं व ऊस शेजारच्या शेतातले, आमच्या प्रमाणपत्रात नाहीत.’ असं लिहिल्यानं मागणी घटत नाही, उलट बाकीच्या सहा वस्तूंवर विश्वास बसतो.

वाटे किती लावायचे हे सगळ्यात कमी असलेली भाजी ठरवते. गाजर 25 किलो आहे, वांगी 18 किलो, पण पावटा 12 च. पाव किलोप्रमाणे 40 वाट्यांना 10 किलो लागेल आणि 2 किलो हाताशी राहील. चित्रावर लिहिलं, ‘फक्त 40’. शनिवारी रात्रीपर्यंत 34 वाटे नोंदले गेले. अंदाज बरोबर ठरला असं वाटावं, तोवर गणित बिघडलं. गुरुवारपासून आभाळ भरून आलेलं होतं. ढगाळ हवेत पावट्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा वाढतो, पानं चिकट होतात, शेंगा आखडतात. रासायनिक शेतीत यावर एक फवारणी झाली असती. इथं निंबोळी अर्क मारला जातो, पण त्याचा परिणाम हळू होतो आणि आधी लागलेल्या माव्याचा चिकटा धुऊन निघत नाही. रविवारी संध्याकाळी तोडणी झाली, चिकट आणि किडक्या शेंगा बाजूला काढल्या आणि काट्यावर पावटा भरला 7 किलो.

34 वाट्यांना पाव किलोप्रमाणे साडेआठ किलो लागतो. दीड किलोची तूट. बाजारातून दोन किलो पावटा आणून मिसळणं हा सोपा मार्ग, आणि भाजी शिजल्यावर कुणाला कळलंही नसतं. तो न घेणं हीच या विक्रीची सगळी पुंजी आहे. रात्रीच 34 घरांना निरोप गेला: ढगाळ हवेनं पावटा कमी निघाला, प्रत्येक वाट्यात 200 ग्रॅम येईल, वाटा 135 ऐवजी 130 ला. 34 गुणिले 200 ग्रॅम म्हणजे 6 किलो 800 ग्रॅम, सातात बसतं. यादीवर त्याच वेळी पावट्यासमोर ‘संपला’ असा शिक्का बसला. एखाद्या घरानं वाटा रद्द केला तरी गाजर-वांगी सुटी विकली जातात, तुटलेला शब्द मात्र भरून काढता येत नाही.

ग्राहकाच्या बाजूनंही यादी वाचण्याची एक रीत आहे. ‘सेंद्रिय’ या शब्दाला कायद्यात अर्थ आहे, ‘विषमुक्त’, ‘नैसर्गिक’ किंवा ‘रेसिड्यू फ्री’ या शब्दांना तोच अर्थ नाही. रेसिड्यू फ्री म्हणजे तपासणीत कीटकनाशकाचा अंश ठरलेल्या मर्यादेत आला. पिकावर रसायन वापरलंच नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही. प्रमाणपत्राच्या दोन वाटा आहेत. एक त्रयस्थ संस्थेमार्फत, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली. दुसरी पीजीएस-इंडिया, ज्यात गावातल्या शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. दोन्हींत जमिनीला रूपांतराचा काळ द्यावा लागतो, हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवर्षी पिकांना तीन. पीजीएसमध्ये या मधल्या काळातल्या मालाला ‘ग्रीन’ आणि पुढच्या मालाला ‘ऑरगॅनिक’ असं वेगळं नाव आहे. यादीवर यातलं कुठलं ते लिहिलेलं असावं, आणि प्रमाणपत्र मागितलं तर त्यावरचं नाव व मुदत जुळावी.

2017 च्या सेंद्रिय अन्न नियमांत लहान उत्पादकाला एक सवलत आहे. वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल आणि माल थेट खाणाऱ्याला विकला जात असेल, तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण मग ‘जैविक भारत’ हे चिन्ह त्याला वापरता येत नाही. चित्रावर ते हिरवं चिन्ह असेल आणि प्रमाणपत्र विचारल्यावर टाळाटाळ होत असेल, तर तिथं थांबावं. आपल्या दोन एकरांच्या शेतकऱ्यानं चिन्ह न लावता ‘प्रमाणपत्र नाही, रविवारी शेत बघायला या’ असं लिहिलं, तर ते जास्त सरळ आहे.

कागदापेक्षाही मोठा पुरावा हंगामात असतो. मे महिन्याच्या यादीत ताजा मटार असेल, तर तो पुरंदरच्या शेतातला नसतो, हिमाचलसारख्या थंड डोंगराळ भागातून आलेला असतो. पुरंदरचा मटार पावसाळ्यातला. इथली अंजिरं उन्हाळ्याच्या तोंडाला गोड होतात, सीताफळ पावसाळ्यापासून पुढे भरात येतं. ज्या यादीत बाराही महिने त्याच वीस भाज्या, त्याच मापात आणि एकदाही ‘संपलं’ नाही, ती यादी एका शेताची असण्याची शक्यता कमी. ती गोळा करून विकणाऱ्याची असेल. तसं विकण्यातही गैर काही नाही, पण मग ‘आमच्या शेतातून’ हे शब्द त्यावर नकोत.

सोमवारी दुपारी टेम्पो परत घाट चढतो. मागे रिकामे क्रेट आणि ग्राहकांनी परत दिलेल्या कापडी पिशव्या. वहीत त्या दिवसाचे आकडे येतात. मेथीच्या 60 पैकी 58 गेल्या, गाजर 19 किलो गेलं, तीन घरांनी विचारलं की कांद्याची पात कधी येणार. पातीसाठी वाफ्याची एक ओळ मोकळी करता येईल का, हे बघायला दोघं संध्याकाळी शेताच्या कडेला जातात. पावट्याच्या वेलांवर मावा अजून आहे. शुक्रवारच्या यादीत पावट्यासमोर काय लिहायचं, ते गुरुवारच्या फेरीनंतर ठरेल.